जपानी पाहुण्यांचे कारखान्यात स्वागत : नमस्कार, हस्तांदोलन आणि मधले अंतर

प्रश्न : आमचा चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. पुढच्या महिन्यात आमच्या जपानी भागीदार कंपनीचे पाच जण पहिल्यांदाच येत आहेत, त्यांत एक विभागप्रमुख बाई आहेत. आमच्या बाजूने आम्ही चौघे असू. मागे दुसऱ्या एका जपानी पाहुण्यांना भेटताना आमच्या साहेबांनी हात पुढे केला, त्याच क्षणी ते वाकले आणि दोघांची डोकी आपटता आपटता राहिली. हात मिळवावा, वाकावे की नमस्कार करावा? ओवाळणे आणि शाल-श्रीफळ ठेवावे का?

उत्तर :

नमस्कार करावा, आणि तो दीड ते दोन मीटर अंतरावरून, थांबून करावा. पाहुणे वाकून प्रतिसाद देतील. दोन्ही बाजू सरळ उभ्या राहिल्या की मगच, आणि पाहुण्यांचा हात पुढे आला तरच, एक पाऊल पुढे जाऊन हात मिळवावा. ओवाळण्याविषयी पुढे लिहितो. पुणे परिसरातील भारतीय आणि जपानी कंपन्यांच्या बैठकांना मी बरीच वर्षे दुभाषी म्हणून हजर राहत आलो आहे. तेथे जे अवघडलेपण दिसते, त्याचे कारण कुणी चुकीची पद्धत निवडली हे क्वचितच असते. दोन माणसे एकाच क्षणी दोन वेगवेगळ्या कृती सुरू करतात, हे ते कारण असते. म्हणून आपल्या चौघांनी एकच गोष्ट पक्की करावी : एका वेळी एकच कृती, आणि ती पूर्ण झाल्यावर दुसरी.

आपल्या साहेबांच्या बाबतीत जे घडले त्याचे कारण साध्या मापांत सापडते. मध्यम उंचीच्या माणसाच्या कमरेपासून डोक्याच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण ८० ते ८५ सेंटिमीटर असते. असा माणूस कमरेतून ३० अंशांत वाकला, तर त्याचे डोके सुमारे ४० सेंटिमीटर पुढे येते. हात मिळवताना मात्र दोन माणसांत जेमतेम ७० ते ८० सेंटिमीटर अंतर उरते. त्या अंतरावर दोघेही वाकले तर डोकी भिडणारच, आणि एकच जण वाकला तरी त्याचे डोके मधल्या अंतराच्या निम्म्यापर्यंत पोहोचते. १५ अंशांच्या झुकण्यात डोके २० सेंटिमीटरच्या आसपास पुढे येते, त्यामुळे तेवढे हलके झुकणे हात हातात असतानाही निभावते. जपानी माणसे एकमेकांना भेटताना आपल्याला दूर वाटेल अशा अंतरावर उभी राहतात, त्यामागे संकोचापेक्षा ही सवय अधिक असते. वाकायला जागा लागते आणि ती जागा त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. आपण हात पुढे करून ती जागा भरून टाकली, की त्यांना वाकता येत नाही आणि मागेही सरकता येत नाही.

जपानमध्ये या वाकण्याला ओजिगी म्हणतात आणि नोकरीत नव्याने लागलेल्या तरुणांना ते रीतसर शिकवले जाते. सुमारे १५ अंशांचे एशाकू हे व्हरांड्यात येता-जाता सहकाऱ्याला करायचे, ३० अंशांचे केइरेइ हे पाहुण्यांना किंवा ग्राहकाला करायचे, आणि ४५ अंशांचे साइकेइरेइ हे मोठी क्षमा मागताना किंवा फार मनापासून आभार मानताना करायचे. पहिल्या भेटीत आपल्यासमोर बहुधा केइरेइ होईल. ते करताना पाठ आणि मान एका रेषेत राहतात, पुरुषांचे हात मांड्यांच्या बाजूला आणि स्त्रियांचे हात समोर एकावर एक असतात, नजर जमिनीकडे जाते, खाली गेल्यावर क्षणभर थांबणे असते आणि वर येणे खाली जाण्यापेक्षा सावकाश असते. आधी बोलायचे आणि मग वाकायचे, असेही शिकवतात, म्हणजे शब्द जमिनीकडे तोंड करून उच्चारले जात नाहीत.

हे सारे आपण शिकून करावे का, असे मला बरेच जण विचारतात. माझे मत स्पष्ट आहे : पाहुणे आपल्या दारात आले असताना ३० अंशांचे वाकणे शिकून करू नये. अपुऱ्या सरावाने केलेल्या ओजिगीत तीन दोष हमखास येतात. चालता चालता वाकले जाते, समोरच्याकडे मान वर करून पाहत वाकले जाते, किंवा कमर तशीच राहून नुसते डोके तीन-चार वेळा खालीवर होते. यांतले शेवटचे पाहुण्यांना होकारासारखे दिसते. पाहुणे यातल्या कशावरही काही बोलणार नाहीत, पण आपण त्यांचीच रीत त्यांच्यासमोर धड न करता करून दाखवली, एवढाच त्याचा हिशेब उरतो. त्याऐवजी आपला नमस्कार करताना १५ अंश झुकावे. पाय थांबलेले असावेत, हात छातीपाशी जोडलेले असावेत, आधी ‘नमस्कार, वेलकम’ म्हणावे, मग झुकावे आणि क्षणभर थांबून सरळ व्हावे. हा थांबा महत्त्वाचा आहे, कारण समोरचा माणूस त्या क्षणात आपले वाकणे पूर्ण करतो. आपण लगेच वर आलो, तर त्याला अर्ध्यातून उठावे लागते किंवा आपल्याला पाहून पुन्हा वाकावे लागते, आणि मग दोन्ही बाजूंचे वाकणे उगीचच तीन-चार वेळा चालते.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. हा नमस्कार आपल्या घरी, म्हणजे भारतात, योग्य आहे. येथे येणाऱ्या जपानी माणसाला तो अपेक्षित असतो आणि पुष्कळ जण हौसेने हात जोडून उत्तरही देतात. मात्र आपल्यापैकी कुणी नंतर नागोयाला किंवा हामामात्सूला गेले, तर तेथील कार्यालयात हात जोडू नयेत. तेथे तळहात जोडणे हे देवळात, पितरांसमोर, जेवण सुरू करताना किंवा काही गयावया करताना केले जाते, सहकाऱ्याला भेटताना नाही. तेथे हात बाजूला ठेवून १५ अंश झुकणे पुरते, आणि परक्याकडून त्याहून जास्त कुणी मागत नाही.

आता हस्तांदोलन. परदेशी लोकांशी व्यवहार असलेली जपानी मंडळी हात मिळवतात, आणि भारतात येणारे बहुतेक जण त्याची तयारी मनाशी करून येतात. हात पुढे आला तर तो अवश्य घ्यावा, पण घट्ट दाबू नये, दोन-तीन हलक्या हेलकाव्यांनंतर सोडावा. त्यांची पकड सैल लागली म्हणून उत्साह कमी आहे असे समजू नये, तेथे हात जोरात दाबण्याला मनाच्या खंबीरपणाशी कुणी जोडत नाही. आपल्याकडे मात्र हात धरून ठेवून बोलत राहण्याची, डावा हात त्यावर ठेवण्याची किंवा कोपराला नाहीतर खांद्याला लावण्याची सवय आहे. आपल्यासाठी ती जिव्हाळ्याची खूण आहे. पहिल्या भेटीत ती टाळावी, कारण जपानमध्ये सहकाऱ्याच्या अंगाला हात लावणे मुळातच दुर्मीळ आहे आणि हात धरलेला माणूस स्वतःहून तो सोडवून घेणार नाही. तो अवघडून हसत उभा राहील आणि आपल्याला वाटेल की तो खूश आहे.

विभागप्रमुख बाईंविषयी आपण वेगळे विचारले नाही, पण सर्वांत जास्त काळजी तेथेच घ्यायला हवी. आपल्या कारखान्यांत मी वारंवार पाहतो की चार पुरुष पाहुण्यांशी हात मिळवला जातो, आणि बाईंपाशी आल्यावर हात अर्ध्यात थबकतो व घाईने नमस्कार होतो. हे आदरापोटीच होते, पण त्या पाच जणांमध्ये त्या एकट्याच वेगळ्या ठरतात, तेही त्यांच्या हाताखालच्या माणसांदेखत. शिवाय हुद्द्याने त्या बहुधा दुसऱ्या किंवा पहिल्याच असतील, तर त्यांचा क्रमही तोच असला पाहिजे. सर्वांना दुरून एकच नमस्कार करण्याच्या पद्धतीचा मोठा लाभ येथे दिसतो : कोणालाही वेगळे वागवण्याची वेळच येत नाही. त्यांनी स्वतः हात पुढे केला, तर इतरांसारखाच तो घ्यावा.

आपल्या भेटीचा क्रम आता प्रत्यक्ष लावून पाहू. आधी पाहुण्यांकडून पाच जणांची नावे हुद्द्यांसह, वरपासून खालपर्यंत, मागवून घ्यावीत. ही मागणी त्यांना मुळीच विचित्र वाटत नाही, आणि तेही आपली तशीच यादी मागतील. नावांत आडनाव कोणते, हे त्याच वेळी विचारावे. जपानी भाषेत आडनाव आधी येते, इंग्रजीत लिहिताना मात्र पूर्वी ते उलट लिहिण्याचा प्रघात होता. २०२० पासून जपान सरकारने आपल्या कागदपत्रांत इंग्रजीतही आडनाव आधी लिहायला सुरुवात केली, पण कंपन्यांत अजून दोन्ही पद्धती चालतात. आडनावाला ‘सान’ जोडून हाक मारावी, आणि स्वतःची ओळख करून देताना स्वतःच्या नावाला ते कधीही जोडू नये.

गाडी पोर्चमध्ये येईल तेव्हा तेथे फक्त आपण चौघे असावे. स्वागतकक्षातील, सुरक्षेचे आणि कुतूहलाने आलेले असे दहा-बारा जण गोळा झाले की दारापाशीच गर्दी होते आणि हवे ते अंतर राहत नाही. गाडीच्या दारापासून दोन-तीन पावले मागे, हुद्द्याच्या क्रमाने एका ओळीत उभे राहावे. पाहुण्यांना उतरू द्यावे, बॅगा खाली ठेवू द्याव्यात. आपले सर्वांत वरिष्ठ साहेब आधी नमस्कार करतील, लगोलग उरलेले तिघे करतील. पोर्चमध्ये एवढेच पुरेसे आहे. ओळख, व्हिजिटिंग कार्डे आणि हस्तांदोलन यांतले काहीही उन्हात, चालू गाडीच्या शेजारी उरकू नये.

कार्डांची देवाणघेवाण बैठकीच्या खोलीत, बसण्यापूर्वी होते, आणि जपानी पाहुण्यांच्या दृष्टीने खरी ओळख तीच असते. त्यांच्या भाषेत तिला मेइशी कोकान म्हणतात. पाहुण्यांचे वरिष्ठ आणि आपले वरिष्ठ यांच्यात पहिली देवाणघेवाण होते, मग दोघेही आपापल्या बाजूच्या पुढच्या माणसापुढे सरकतात, आणि त्यांच्या मागून दुसऱ्या क्रमांकाची माणसे तसेच करतात. चौघे आणि पाच जण, म्हणजे वीस देवाणघेवाणी. त्या एकाच वेळी तीन-चार जोड्यांत चालत असल्यामुळे तीन-चार मिनिटांत संपतात, पण तेवढा वेळ कार्यक्रमात धरावा आणि टेबलाच्या एका बाजूला ओळीने उभे राहण्याइतकी मोकळी जागा ठेवावी. टेबलावरून हात लांब करून कार्ड देऊ नये, वळसा घालून समोर जावे. प्रत्येकाकडे किमान दहा-बारा स्वच्छ कार्डे एका लहान पाकिटात असावीत. मोबाइलवर कोड दाखवण्याची पद्धत आता रूढ होत असली, तरी या भेटीत तिच्यावर विसंबू नये.

कार्ड दोन्ही हातांनी द्यावे, अक्षरे समोरच्याला वाचता येतील अशी धरावीत आणि नावावर बोटे येऊ देऊ नयेत. रीतीप्रमाणे भेटीला आलेल्याने आणि हुद्द्याने खालच्याने आधी द्यायचे असते, त्यामुळे पाहुणे घाई केल्यासारखे पुढे येतील. ती घाई नसते. दोघांनी एकदमच कार्डे पुढे केली तर गडबडून जाऊ नये : उजव्या हाताने आपले द्यावे, डाव्या हातातील पाकिटावर त्यांचे घ्यावे आणि आपले कार्ड त्यांच्या हाती गेले की उजवा हातही लावावा. डाव्या हाताने काही घ्यायचे नाही हा आपल्याकडचा संस्कार उजवा हात लावल्यामुळे येथेही सांभाळला जातो. देताना आपले कार्ड त्यांच्या कार्डापेक्षा बोटभर खाली धरले तर ते नम्रतेचे लक्षण मानतात. कंपनीचे नाव आणि आपले आडनाव सांगावे, हलके झुकावे. मिळालेले कार्ड दोन सेकंद खरोखर वाचावे, नाव उच्चारून पाहावे, उच्चाराबद्दल शंका असेल तर तेथेच विचारावे. असे विचारणे आवडते. ते खिशात, विशेषतः पँटच्या मागच्या खिशात, टाकू नये आणि त्यावर पेनने काही लिहू नये. बसल्यावर कार्डे समोरच्या माणसांच्या क्रमाने टेबलावर मांडावीत आणि वरिष्ठांचे कार्ड आपल्या पाकिटावर ठेवावे. पाच नवी नावे लक्षात ठेवण्यासाठी याहून सोयीची युक्ती मला माहीत नाही. आपल्या मंडळींपैकी कुणाला यातले एकच लक्षात राहणार असेल, तर वाचण्यासाठी थांबणे लक्षात राहू द्यावे.

दुभाषी सोबत असेल तर नमस्कार करताना आणि बोलताना पाहुण्यांकडेच पाहावे, दुभाष्याकडे नव्हे. बसताना दारापासून सर्वांत लांबची बाजू पाहुण्यांची असते. आपल्याकडे पंखा किंवा एसी जवळ असलेली खुर्ची साहेबांना देतात, ती बहुधा दाराच्या बाजूलाच निघते. म्हणून आदल्या दिवशी एकदा खोली पाहून घ्यावी.

अंतराचा प्रश्न बैठकीनंतर, कारखाना दाखवताना पुन्हा येतो. यंत्रांच्या आवाजात आपण ऐकू जावे म्हणून कानापाशी जातो, खांद्याला धरून एखाद्या मशीनकडे वळवतो. पाहुण्याला जागा कमी पडते आहे हे तो बोलून दाखवत नाही, पण ते दिसते : तो अर्धे पाऊल मागे सरकतो, हातातील वही किंवा हेल्मेट छातीसमोर धरतो, किंवा अंग तिरके करून शेजारी उभा राहतो. तो मागे सरकल्यावर आपण नकळत पुढे सरकतो, आणि असे करत करत तो भिंतीपर्यंत किंवा, शॉप फ्लोअरवर अधिक काळजीचे म्हणजे, पिवळ्या रेषेबाहेर जातो. तो मागे सरकला की आपण जागीच थांबावे. दिशा दाखवायची तर उघड्या पंजाने दाखवावी आणि आवाजाच्या भागात बोलण्यासाठी हेडसेट किंवा छापील पत्रके वापरावीत.

ओवाळण्याला माझा विरोध नाही. ते आपले आहे आणि पाहुण्यांनाही त्याची आठवण राहते. अट एकच की त्यांना आधी कळवलेले असावे. अनोळखी व्यक्ती पेटती निरांजने घेऊन चेहऱ्याजवळ येते आणि कपाळाला बोट लावते, हे न सांगता घडले तर स्पर्शाची सवय नसलेला माणूस दचकतो. ई-मेलमध्ये दोन ओळी लिहाव्यात की आमच्याकडे कपाळी कुंकू लावून ओवाळण्याची रीत आहे, प्रवेशद्वारी ती करण्याचा विचार आहे, आपल्याला नको असल्यास अवश्य कळवावे. होकार आला तर नमस्कारानंतर, बॅगा खाली ठेवलेल्या असताना, एकेकाला ओवाळावे. शाल गळ्याभोवती घालण्याऐवजी घडी करून दोन्ही हातांवर द्यावी. श्रीफळ मात्र माझ्या मते वगळावे, कारण पुढचे दोन-तीन दिवस ते हॉटेलांतून वाहून नेण्याची जबाबदारी त्यांच्यावर पडते आणि दिलेली वस्तू मागे सोडणे त्यांना जड जाते. पुष्पगुच्छात पांढरी किंवा पिवळी शेवंती येणार नाही याकडे लक्ष द्यावे. आपल्या बाजारात ती सर्रास असते, जपानमध्ये ती अंत्यविधीची आणि पितरांना वाहण्याची फुले आहेत. गुलाब किंवा जरबेरा सांगावेत, म्हणजे प्रश्न उरत नाही.

निरोप हा स्वागताइतकाच पाहिला जातो, आणि आपण बहुतेकदा तेथे कमी पडतो. गाडी सुरू होताच आपली मंडळी मोबाइल काढून आत वळतात. जपानमध्ये यजमान गाडी वळणाआड जाईपर्यंत, किंवा लिफ्टचे दार मिटेपर्यंत, उभे राहतात, त्यामुळे पाहुणे गाडीतून मागे वळून पाहतात. आपण चौघांनी फाटकापर्यंत गाडी जाईतो उभे राहावे आणि ते पाहतील तेव्हा एकदा नमस्कार करावा.

रात्रीच्या जेवणाला वातावरण मोकळे होईल, कदाचित कुणी आपल्या खांद्यावर हातही ठेवेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच सलगी पुढे चालवू नये. सकाळ पुन्हा औपचारिक असते, आणि व्हरांड्यात भेटलेल्या प्रत्येकाला थांबून हलके झुकणे किंवा मान लववणे एवढे पुरते. याउलट पाहुण्यांपैकी कुणी पुण्यात काही वर्षे राहिलेले असतील, तर ते हात घट्ट मिळवतील, मराठीत ‘कसे आहात’ असेही विचारतील. त्यांच्याशी तसेच वागावे, पण त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या, आजच प्रथम आलेल्या वरिष्ठांसाठी वर सांगितलेला क्रम बदलू नये.